आजी रोज रामकुंडावर जाते, की जायची?

वाचकाचे पत्र

मी नाशिकमधील एका शाळेत सहावीला मराठी शिकवते. घटक चाचणीत मी रिकाम्या जागा भरण्याची दहा वाक्यांची व्याकरण-पत्रिका दिली होती. वाक्ये आणि उत्तरसूची दोन्ही बाजारातील एका कार्यपुस्तिकेतून घेतली होती. ‘आजी रोज रामकुंडावर ___. (जा)’ या वाक्याला उत्तरसूचीत ‘जाते’ हे एकच उत्तर आहे. वर्गातील 42 मुलांपैकी 19 जणांनीच ते लिहिले, बाकीच्यांचा गुण मी कापला. एका मुलीने ‘जायची’ लिहिले होते. तिची आई भेटायला आली आणि म्हणाली, ‘आजी गेल्या वर्षी वारल्या, मग ती जाते असे कसे लिहिणार?’ मला उत्तर सुचले नाही. मुख्याध्यापक म्हणतात, वाद नको, त्या जागेचा गुण सरसकट सगळ्यांना द्या. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, उत्तरसूचीच्या बाहेर गेलात तर उद्या प्रत्येक पालक दारात उभा राहील. आता मला ही पत्रिका तपासून दुरुस्त करायची आहे. एका जागेला तीन-चार उत्तरे बरोबर मानली, तर व्याकरण शिकवायचे तरी कसे? मुलांनी लिहिलेल्या सर्व उत्तरांची यादी सोबत पाठवत आहे.

— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही उत्तरांची यादी पाठवलीत, हे फार बरे झाले. पत्रिकेचे परीक्षण बहुतेक वेळा उत्तरसूची हातात घेऊन सुरू होते आणि तिथेच ते फसते, कारण सूचीतले उत्तर एकदा डोळ्यांसमोर आले की बाकीची उत्तरे आपल्याला चुकीसारखीच दिसू लागतात. त्याऐवजी मुलांनी खरोखर काय लिहिले ते एका कागदावर उतरवावे आणि प्रत्येक उत्तर वाक्यात घालून मोठ्याने वाचावे. मी तुमच्या यादीचे तेच केले.

पहिल्या वाक्याची तुमची नोंद अशी आहे: ‘जाते’ 19, ‘जायची’ 8, ‘जातात’ 4, ‘जात असे’ 3, ‘जात आहे’ 2, ‘जाईल’ 2, ‘गेली’ 1, ‘जातो’ 1, कंसातला ‘जा’ तसाच उतरवलेला 1 आणि एक जागा कोरी. यातल्या प्रत्येक उत्तराला मी तीन प्रश्न विचारले. वाक्य व्याकरणाने जुळते का? वाक्यात आधीपासून असलेल्या शब्दांशी अर्थ जुळतो का? आणि पत्रिकेच्या सूचनेत जे मागितले आहे, तेच मुलाने दिले आहे का? हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. आपण शिक्षक घाईत असलो की तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, आणि तिथेही सूचनेत काय लिहिले आहे ते न पाहता आपल्या मनात काय होते ते पाहतो.

‘जायची’ घ्या. ‘आजी रोज रामकुंडावर जायची’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाच्या कानाला खटकणार नाही. पूर्वी नेहमी घडणारी क्रिया सांगताना बोलीत आपण हेच रूप वापरतो. ज्या तीन मुलांनी ‘जात असे’ लिहिले, त्यांनी त्याच अर्थाचे पुस्तकी रूप लिहिले, ज्याला आपण वर्गात रीति भूतकाळ म्हणतो. एखाद्याने ‘जाई’ लिहिले असते तर तेही चालले असते. मुलांना भूतकाळापासून अडवणारे या वाक्यात काय आहे? ‘रोज’ हा शब्द क्रिया नेहमीची आहे एवढेच सांगतो, ती आजची की मागची हे सांगत नाही. पत्रिकेवरची सूचना तर ‘कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहा’ एवढीच आहे आणि तिच्यात काळाचे नावही नाही. त्यामुळे त्या मुलीचा गुण तिला मिळायला हवा. मात्र तो आजी वारल्या म्हणून द्यायचा नाही, ‘रोज’ या शब्दासोबत तिचे रूप पूर्ण बसते म्हणून द्यायचा. तिच्या आईला हे असेच सांगा. आजी हयात असलेल्या उरलेल्या सात मुलांनी ‘जायची’ लिहिले असेल, तरी त्यांचेही उत्तर तितकेच बरोबर आहे. घरची हकिकत पाहून गुण देऊ लागलो, तर सहकाऱ्यांची भीती खरी ठरेल.

‘जातात’ लिहिणाऱ्या चार मुलांचा गुण तुम्ही वचनाची चूक म्हणून कापला असणार, आणि मला सर्वांत अधिक थांबवले ते याच उत्तराने. आपल्याकडे काही घरांत ‘आजी आली’ म्हणतात, काही घरांत ‘आजी आल्या’. नात्यात कोणाला एकेरी बोलावे आणि कोणाला आदराने, ही रीत घराघरांत बदलते, आणि आदरार्थी अनेकवचन हा मराठी व्याकरणाचाच भाग आहे. तुमच्या वाक्यात आजीची संख्या किंवा आदर ठरवणारा एकही शब्द नाही. तोच ‘माझी आजी’ असे असते तर ‘माझी’ने वचन बांधून टाकले असते, कारण ज्या घरात आजीला आदराने बोलतात तिथे ‘माझ्या आजी जातात’ असे म्हणतात. ‘माझी आजी जातात’ असे कोणीच म्हणत नाही. एका सर्वनामाच्या अभावामुळे चार मुलांचे गुण गेले आहेत.

‘जाईल’, ‘जात आहे’ आणि ‘गेली’ ही पाच उत्तरे मात्र मी दोनदा वाचली. ‘आजी रोज रामकुंडावर जाईल’ हे ऐकले की ‘कधीपासून?’ असा प्रश्न मनात येतो, पण वाक्य मोडत नाही. ‘जात आहे’ हे ‘गेले आठ दिवस’ असे काही आधी असले की सहज बसते, आणि ‘गेली’ हे ‘त्या आठवड्यात’ असे काही असले की. नुसत्या वाक्यात ही दोन्ही लंगडी वाटतात. लंगडे आणि चूक यांत फरक आहे, आणि लंगडेपणाचे कारण मुलाच्या उत्तरात नसून आपण दिलेल्या अपुऱ्या वाक्यात आहे. म्हणून या वेळी मी पाचही जणांना गुण दिला असता, पण ‘जात आहे’ आणि ‘गेली’ यांच्यापुढे समासात ‘कधीची गोष्ट?’ असे लिहिले असते. उरली ‘जातो’, उतरवलेला ‘जा’ आणि कोरी जागा. ‘आजी जातो’ यात कर्ता आणि क्रियापद यांचे लिंग जुळत नाही, ‘जा’ ही आज्ञा होते, आणि कोऱ्या जागेला गुण कशाचा? म्हणजे 42 पैकी 39 उत्तरे ग्राह्य आणि तीन अग्राह्य. मुख्याध्यापकांचा सरसकट गुण देण्याचा तोडगा याच तीन कागदांवर चुकतो: ‘जातो’ लिहिणाऱ्या मुलाला त्याची खरी अडचण मग कोणीच सांगत नाही.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न इथे घेतो. तीन-चार उत्तरे बरोबर मानली तर व्याकरण कसे शिकवायचे, असे तुम्ही विचारता, तेव्हा व्याकरण म्हणजे एका जागेला एकच शब्द असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. वरची यादी पाहा. काय चालते आणि काय चालत नाही, हे व्याकरणानेच ठरवले आहे आणि ‘जातो’ला तिथे जागा मिळालेली नाही. काळ, वचन, लिंग या प्रत्येक बाबतीत वाक्याने जेवढे बांधले आहे तेवढेच उत्तर बांधलेले असते. कार्यपुस्तिकेच्या लेखकाच्या मनात आजी हयात होती, एक होती आणि तिला एकेरी हाक होती; ते त्याने कागदावर उतरवले नाही.

आता याच वाक्याची दुरुस्ती. तुम्हाला काय तपासायचे आहे ते आधी ठरवा, कारण त्याप्रमाणे वाक्य बदलते. सांगितलेल्या काळाचे रूप मुलाला करता येते का हे पाहायचे असेल, तर ‘माझी आजी रोज पहाटे रामकुंडावर ___. (जा – साधा वर्तमानकाळ)’ असे लिहा. मग ‘जाते’ हे एकच उत्तर उरते. पण संदर्भ वाचून काळ मुलाने स्वतः निवडावा असे वाटत असेल, तर कंसात काळाचे नाव देऊन चालणार नाही, कारण मग निवडायला काही राहतच नाही. तिथे आणखी एक वाक्य जोडावे लागते: ‘माझी आजी सत्तर वर्षांची आहे. ती अजूनही रोज पहाटे रामकुंडावर ___. (जा)’ ‘अजूनही’ने भूतकाळ गेला, ‘माझी’ आणि ‘ती’ने आदरार्थी अनेकवचन गेले. तरीही ‘जाते’च्या सोबत ‘जात असते’ शिल्लक राहतेच. ते पाहून घाबरू नका आणि तेही काढून टाकण्यासाठी वाक्याची मोडतोड करू नका. उत्तरसूचीत दोन्ही लिहून ठेवा. ‘उद्या’ घातले की भविष्यकाळ पक्का होतो, असा एक समजही आपल्यात आहे. तो फसवा आहे. ‘उद्या मी पुण्याला जातो’ हे आपण रोज बोलतो.

तुमच्या यादीतले दुसरे वाक्य, ‘पाऊस आला ___ आम्ही घरी गेलो’, हे उभयान्वयी अव्ययाचे आहे आणि सूचीत फक्त ‘म्हणून’ आहे. मुलांनी ‘आणि’, ‘व’, ‘तेव्हा’, ‘त्यामुळे’ आणि एकाने ‘पण’ लिहिले आहे. पहिली तीन निर्विवाद बसतात. ‘त्यामुळे’ची घडण सर्वनाम आणि शब्दयोगी अव्यय मिळून झालेली आहे, असा आक्षेप एखादा काटेकोर सहकारी घेईल, पण इथे त्याचे काम दोन वाक्ये जोडण्याचेच आहे आणि सहावीच्या मुलाचा गुण त्यासाठी कापणे मला योग्य वाटत नाही. ‘पण’च्या बाबतीत मी मुलाला बोलावून विचारले असते. पाऊस आल्यावर आडोशाला थांबायचे होते, तरी आम्ही भिजत घरी गेलो, असे त्याने सांगितले तर त्याचे उत्तर बरोबर आहे. काहीच सांगता आले नाही तर त्याने अंदाज केला होता. बेचाळीस मुलांत असे बोलावण्याची वेळ एक-दोघांवरच येते, म्हणून ते जमण्यासारखे आहे.

हे वाक्य बांधून घेणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशी पत्रिका तयार करत होतो. ‘कारण’ हे एकच उत्तर यावे म्हणून मी क्रम उलटा केला: ‘आम्ही पांडवलेणी न पाहताच परतलो ___ वाटेत जोराचा पाऊस आला.’ आता यातून सुटका नाही, असे मला वाटले. शेजारची आठवीतली मुलगी सहज आली होती, तिच्यापुढे कागद ठेवला. तिने ‘आणि’ लिहिले. मी विचारले, कसे? ती म्हणाली, ‘काका, ते परत निघाले आणि मग येताना पाऊस आला ना!’ तिचे बरोबर होते. मी पाऊस जातानाच्या वाटेवर पाडला होता, तिने येतानाच्या. शेवटी ‘वाटेत जोराचा पाऊस लागला होता’ असे केले, तेव्हा पाऊस परतण्याच्या आधी गेला आणि ‘आणि’ निघाले. ‘आला’ आणि ‘लागला होता’ एवढाच फरक, पण तो मला एकट्याला दिसला नव्हता. त्यानंतर मी एकही पत्रिका दुसऱ्या कोणी उत्तरसूचीशिवाय सोडवल्याखेरीज छापायला दिली नाही.

तुम्हीही तेच करा. तीन जण पुरेत: एक मराठीचा सहकारी, एक दुसऱ्या विषयाचा शिक्षक आणि शक्य असेल तर वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी. मराठीचा सहकारी पुष्कळदा सूचीतलेच उत्तर देतो, कारण अशी वाक्ये कशी असतात हे त्याला ठाऊक असते. गणिताच्या बाई मात्र वाक्य वाक्य म्हणून वाचतात आणि तिथेच वेगळी उत्तरे निघतात. त्यांना सांगायचे की एका जागी जितकी उत्तरे सुचतील तितकी लिहा. दहा वाक्यांना पंधरा-वीस मिनिटे लागतात. जिथे तिघांची उत्तरे वेगळी आली, ते वाक्य एक तर बांधायचे किंवा त्याची सर्व ग्राह्य उत्तरे आधीच लिहून ठेवायची.

उभयान्वयी अव्ययांसाठी आणखी एक सोपा उपाय आहे: पत्रिकेच्या वर चौकटीत शब्द द्यायचे आणि प्रत्येक शब्द एकदाच वापरा, अशी सूचना लिहायची. तीन जागांना ‘कारण’, ‘पण’, ‘म्हणून’ दिले की ‘आणि’चा प्रश्न उरत नाही. यात एक खोच आहे. प्रत्येक शब्द प्रत्येक जागी घालून पाहावा लागतो, म्हणजे तीन जागांसाठी नऊ वेळा वाचन. दोन शब्दांची अदलाबदल केली तरी दोन्ही वाक्ये उभी राहत असतील, तर चौकट देऊनही उत्तर एक राहत नाही.

तिसऱ्या वाक्यात परिस्थिती उलटी आहे, आणि म्हणूनच ते तुमच्या सहकाऱ्यांना दाखवण्यासारखे आहे. ‘मुले शाळे___ गेली’ या वाक्यावर तुमची सूचना स्पष्ट आहे: ‘योग्य विभक्ती प्रत्यय लिहा.’ सूचीत ‘त’ आहे. मुलांनी ‘ला’ लिहिले आहे, दोघांनी ‘कडे’, एकाने ‘पर्यंत’ आणि एकाने ‘स’. ‘शाळेत गेली’ आणि ‘शाळेला गेली’ दोन्ही आपण बोलतो, आणि ‘ला’ हा प्रत्ययच आहे, म्हणून तो ग्राह्य. ‘शाळेस’ आता जुनाट वाटते, पण ‘स’ही प्रत्ययच आहे आणि शाळेच्या सूचनाफलकावर ‘शाळेस सुट्टी राहील’ असे मुले वाचत असतात, म्हणून तोही ग्राह्य. ‘मुले शाळेकडे गेली’ हे वाक्य मात्र उत्तम मराठी असूनही इथे गुणाला पात्र नाही, कारण ‘कडे’ हे शब्दयोगी अव्यय आहे आणि प्रश्न प्रत्ययाचा आहे. ‘पर्यंत’चेही तसेच. या तिघांच्या कागदावर नुसती फुली मारू नका. ‘वाक्य बरोबर, पण हा प्रत्यय नाही’ असे लिहा, म्हणजे आपण मराठी चुकीची बोलतो असा त्यांचा समज होणार नाही. सूचनेत फक्त ‘योग्य शब्द भरा’ असे असते, तर याच तिघांना गुण द्यावा लागला असता. तेव्हा उत्तरसूचीच्या बाहेर गेल्यावर सगळेच मोकळे सुटते, असे सहकाऱ्यांना वाटत असेल तर हे वाक्य त्यांच्यापुढे ठेवा: सूचना नेमकी असेल तर तिच्या आधारे नकारही ठामपणे देता येतो.

यादीच्या तळाशी तुम्ही दोन उत्तरांवर प्रश्नचिन्ह काढले आहे. ‘आईने भाजी ___ आहे. (कर)’ इथे ‘केली’ अपेक्षित होते आणि सटाण्याकडून आलेल्या दोन मुलांनी ‘करेल’ लिहिले. त्यांना भूतकाळ आणि भविष्यकाळ कळत नाही, असे तुम्ही समासात लिहिले आहे. तसे नाही. अहिराणीत ‘करेल’ हे झालेल्या कामाचे रूप आहे, ‘करेल शे’ म्हणजे केलेले आहे. त्या मुलांनी काळ अचूक ओळखला आणि रूप घरच्या भाषेतले लिहिले. पत्रिका प्रमाण मराठीच्या लेखनाची आहे, म्हणून गुण देता येणार नाही, आणि हे मी संकोच न करता सांगतो. परंतु दुरुस्ती काळाची करायची नाही. ‘घरी आपण करेल म्हणतो, लिहिताना केली’ एवढे त्यांच्या वहीत लिहा. काळाचा धडा पुन्हा शिकवायला घेतलात, तर त्यांना येत असलेलीच गोष्ट तुम्ही पुन्हा सांगत बसाल आणि ‘करेल’ तिथेच राहील. पुढच्या पत्रिकेच्या माथ्यावर ‘उत्तरे लेखी प्रमाण मराठीत लिहा’ ही ओळ घाला. ती असली की ‘केलं’ की ‘केले’ हा दुसरा नेहमीचा वादही मिटतो.

आता दिलेल्या गुणांचे काय करायचे? दहाही वाक्यांची नवी सूची आधी पूर्ण करा आणि मगच कागद हातात घ्या. मग सर्व 42 कागद पुन्हा तपासा, केवळ तक्रार आलेला एक नव्हे. ज्यांचे पालक आले नाहीत, त्यांचीही उत्तरे तीच आहेत. एका वेळी एकच वाक्य सर्व कागदांवर तपासले, तर निर्णय एकसारखा राहतो. ज्यांना आधी गुण मिळाला आहे, तो काढून घेऊ नका. मग वर्गात फळ्यावर ते वाक्य लिहून कोणती उत्तरे ग्राह्य धरली आणि ‘जातो’ का धरले नाही, हे एकदा सांगा. पालकांसाठी वेगळी सभा घेण्याची गरज नाही.

उत्तरसूची बदलणे म्हणजे शाळेची नाचक्की, असे ज्येष्ठ सहकाऱ्यांना वाटत असेल तर त्यांना शिष्यवृत्ती परीक्षेची आठवण करून द्या. त्या परीक्षेची आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर होते, तिच्यावर आक्षेप मागवले जातात आणि नंतर अंतिम सूची येते. राज्य लोकसेवा आयोगही असेच करतो. पालक दारात येतील ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही. म्हणून आक्षेपाला मुदत ठेवा, कागद हातात पडल्यापासून तीन दिवस म्हणा, आणि आक्षेप लेखी असावा व त्यात ‘हे उत्तर का बसते’ याची एक ओळ असावी, अशी अट घाला. नुसता ‘माझ्या मुलाचा गुण गेला’ हा आक्षेप होत नाही. सूचीचा कागद तीन रकान्यांचा करा: वाक्य, ग्राह्य उत्तरे, अग्राह्य उत्तरे आणि त्यांचे कारण. कारण लिहिता आले नाही, तर ते उत्तर अग्राह्य ठरवण्याची घाई करू नका. प्रत्येक वाक्याखाली दोन ओळी रिकाम्या ठेवा, कारण पुढच्या वर्षीची तुकडी आणखी एखादे उत्तर शोधून काढणारच.

शेवटी, दहाही जागा बांधून टाकू नका. नऊ बांधा आणि आजीचे वाक्य जसे होते तसेच, ‘माझी’शिवाय आणि काळाशिवाय, दोन गुणांसाठी ठेवा. सूचना मात्र बदला: ‘या जागी बसणारी दोन वेगवेगळी रूपे लिहा आणि प्रत्येकाने अर्थ काय होतो ते एका ओळीत सांगा.’ एखादे मूल लिहील, ‘जाते – आजी अजून जाते, जातात – आमच्याकडे आजीला अहोजाहो करतात.’ दुसरे लिहील, ‘जायची – पूर्वी जायची, आता जात नाही.’ यातले प्रत्येक रूप एका गुणाचे, आणि अर्थाची ओळ रूपाशी जुळली तरच तो गुण द्यायचा. ‘जातो’ लिहिणाऱ्या मुलाला अर्थाची ओळ लिहिताना त्याची चूक स्वतःलाच दिसते का, हे मला कळवा.